स्क्रू कॉम्प्रेसरची एएमसी: वर्षभर वापरल्यावर, आणि बिलातले न ठरलेले ३,२०० रुपये

आमच्या अंबडच्या पॅकिंग युनिटमध्ये २० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. तो रोज दोन पाळ्या चालतो आणि तो थांबला की अख्खी लाइन थांबते. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, एका स्थानिक सर्व्हिसवाल्याला दिली आहे. काम चांगलं आहे. त्यांचा कामाचा मुलगा वेळेवर येतो, सेपरेटर आणि फिल्टर बदलताना जुना भाग दाखवतो, हवेचं तापमान लिहून ठेवतो. तरीही मी लिहायला बसलो ते तिसऱ्या तिमाहीच्या बिलामुळे.

ठरलेले तिमाही १२,०००. बिलात त्याखाली आणखी तीन ओळी होत्या: तातडीची व्हिजिट २,५००, ऑइल टॉप-अप १,८००, वाहतूक ७००. एकूण १७,०००, जीएसटी धरून २०,०६०. आमच्या करारात ब्रेकडाउनच्या दोन व्हिजिट मोफत आहेत आणि ती पहिलीच होती. वाहतुकीचा तर कुठे उल्लेखच नाही.

सरळ सांगतो, तेव्हा हा माणूस लुबाडतोय असंच वाटलं. अकाउंटंट म्हणाला, जीएसटी पोर्टलवर आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिलं स्वीकारायच्या-नाकारायच्या पानावर, बिल रिजेक्ट करून टाकू. मी नको म्हटलं. तिथे अर्धं बिल रिजेक्ट करता येत नाही. तीन ओळींच्या रागात कबूल असलेल्या रकमेचं इनपुट क्रेडिटही अडकतं, आणि समोरच्याला बिल रिजेक्ट झाल्याचं अचानक पोर्टलवरच दिसतं. फोनवर एक शब्द न बोलता असं केलं तर पुढच्या ब्रेकडाउनला तो धावत येईल का?

पूर्ण पैसे थांबवणंही बरोबर नव्हतं. तो उद्यममध्ये नोंदलेला लघुउद्योग आहे. अशा पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत टळली तर तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी धरला जातो. म्हणून हरकत असेल तर ती लगेच आणि लेखी गेली पाहिजे.

आधी सर्व्हिस रिपोर्ट काढले. ऑइल खरंच घातलं होतं, आमच्या सुपरवायझरची सही होती, आणि करारात कन्झ्युमेबल्स वेगळे आहेत. तो चार्ज मी वादातून काढून टाकला. उरले ३,२००, जीएसटीसह ३,७७६. मग सर्व्हिसवाल्यांच्या मालकाला फोन केला आणि त्यानंतर हा मेल पाठवला:

"नमस्कार साहेब, बिल मिळालं. एएमसी व ऑइल मिळून १३,८००, जीएसटीसह १६,२८४ आज पाठवले आहेत. तातडीची व्हिजिट २,५०० व वाहतूक ७०० हे आपल्या करारातल्या कोणत्या अटीप्रमाणे आहेत ते कळवावं. आमच्या वाचनाप्रमाणे ब्रेकडाउनच्या पहिल्या दोन व्हिजिट मोफत आहेत. करार व सर्व्हिस रिपोर्ट सोबत जोडले आहेत. चार्ज चुकून लागले असतील तर ३,२०० अधिक जीएसटीची क्रेडिट नोट द्यावी. मुलाने काम छान केलं, लाइन दुपारपर्यंत चालू झाली, त्याबद्दल आभार."

कबूल रक्कम त्याच दिवशी गेली, हेच खरं कामाला आलं. पैसे हातात असलेला माणूस उरलेल्या ओळी शांतपणे वाचतो. शिवाय प्रश्न अटीबद्दल होता, नीयतीबद्दल नव्हता, आणि मेल फक्त मालकाला गेला. मुलाला किंवा इतर कुणाला सीसी केलं नाही.

इथे माझं मत बदललं. मालकाचा फोन आला. त्यांच्या बिलिंगमध्ये "ब्रेकडाउन" निवडलं की व्हिजिट आणि वाहतूक आपोआप लागते. एएमसीच्या ग्राहकासाठी ते हाताने काढावं लागतं आणि नवीन मुलीला ते कुणी सांगितलं नव्हतं. लबाडी नव्हती. पण तसल्या किती ग्राहकांनी निमूट पैसे भरले असतील, हा विचार मात्र अजून जात नाही.

मग त्यांनी सुचवलं, "क्रेडिट नोट कशाला, पुढच्या बिलात वळते करतो." मी यावर अडून बसलो आणि आजही अडेन. मूळ बिलात ५७६ रुपये जीएसटी लागला आहे. तो कमी करायचा कागद म्हणजे क्रेडिट नोट. ती त्यांच्या रिटर्नमध्ये गेली की त्यांचं देणं कमी होतं आणि आम्ही तेवढं क्रेडिट उलटवतो. नुसतं वळतं केलं तर आमच्या लेजरमध्ये ३,७७६ बाकी दिसत राहतात, त्यांच्याकडे येणं दिसतं, आणि मार्चमध्ये बॅलन्स कन्फर्मेशनला पुन्हा तोच वाद. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी होईल तोवरच ती रिटर्नमध्ये दाखवता येते. हे समजावल्यावर नोट आली, बिल नंबरासकट.

चौथ्या तिमाहीचं बिल स्वच्छ होतं. नूतनीकरण त्यांच्याकडेच केलं, दरही तोच ठेवला. फक्त पर्चेस ऑर्डरवर एक ओळ वाढवली: "कराराबाहेरचा कोणताही चार्ज काम सुरू करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर मंजूर करून घ्यावा, मंजुरीचा स्क्रीनशॉट बिलासोबत जोडावा." मालकांनी ती न कुरकुरता सही करून पाठवली.