पीडीएफमधल्या चित्रातून पंपाचा कर्व्ह वाचणं: WebPlotDigitizer वापरून झाल्यावर

मार्चात कुळागरातली ओपनवेल मोटर जळाली तिथून हे सगळं सुरू झालं. रिवाइंडिंगवाल्याने नवीनच घ्या म्हणून सांगितलं, आणि डीलर म्हणाला साहेब तुमचं हेड, म्हणजे पाण्याचा चढ आणि पाईपचं फ्रिक्शन मिळून, २८ मीटर, दोन एचपी पुरणार नाही, तीन एचपीच घ्या, दोनचा पंप २८ ला जेमतेम नव्वद लिटर देतो मिनिटाला. मला पोफळींच्या स्प्रिंकलरला ११० तरी हवेत. आता तीन एचपी म्हणजे पंप महाग, स्टार्टर महाग आणि पुढची सगळी वर्षं बिल जास्त, म्हणून मी म्हटलं नव्वद कुठून आले ते दाखवा. त्याने कंपनीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकली. आत आकड्यांचा तक्ता नाहीच, जुन्या कॅटलॉगचं पान स्कॅन करून चिकटवलेलं, त्यावर हेड विरुद्ध डिस्चार्जचे, म्हणजे कुठल्या हेडला मिनिटाला किती लिटर याचे, दोन कर्व्ह.

हे काम करायला मी WebPlotDigitizer घेतलं, चार्टच्या चित्रावर क्लिक करून आकडे काढून देणारं, अंकित रोहतगी यांनी बनवलेलं, ब्राउझरमध्ये फुकट चालतं. तेव्हापासून पंप, पाईपचे फ्रिक्शन चार्ट, भाच्याच्या कॉलेजची कामं सगळं त्यातच करतोय.

आधी एक बघायचं, चार्ट खरंच चित्र आहे का. पीडीएफ खूप झूम केली आणि रेघा फुटल्या, चौकोन चौकोन दिसले तर चित्र. खात्री करायला पॉपलर या पीडीएफच्या टूलसंचाची ही कमांड पुरे:

```
pdfimages -list catalog.pdf
pdfimages -all catalog.pdf pan
```

पहिली ओळ आतली चित्रं आणि त्यांचे पिक्सल दाखवते, दुसरी ती जशीच्या तशी बाहेर काढते. स्क्रीनशॉट मारू नका, त्यात स्क्रीनवर जेवढं दिसतंय तेवढेच पिक्सल येतात, मूळ चित्रात त्याहून जास्त असले तर ते फुकट जातात. आणि कर्व्ह झूम करूनही धारदार राहिला तर तो व्हेक्टर आहे, त्याच्या बिंदूंचे कोऑर्डिनेट फाईलमध्येच असतात, मग क्लिक करत बसायची गरज नाही.

आता कॅलिब्रेशन. आडव्या अक्षावर X1, X2 आणि उभ्यावर Y1, Y2 असे चार क्लिक करायचे आणि त्यांचे आकडे भरायचे, बस. क्लिक करताना कोपऱ्यात भिंग येतं आणि ॲरो कीने एकेक पिक्सल सरकवता येतं, हे फार छान आहे. बिंदू शक्य तितके लांब घ्या, कारण एक पिक्सल चुकलं तर तो फरक मोठ्या अंतरात वाटला जातो.

माझ्या चार्टमध्ये उभ्या अक्षावर खाली १० मीटर लिहिलेलं होतं, शून्य नाही, आणि ते १० इतकं पुसट की भिंगातच दिसलं. वर ५०. १० ची खूण पिक्सल ओळ १०४६ वर, ५० ची २४६ वर, म्हणजे ८०० पिक्सलमध्ये ४० मीटर, मीटरला २० पिक्सल. p म्हणजे पिक्सल ओळ, y म्हणजे हेड, हिशोब साधाच:

```
y = 10 + (1046 - p) * 40 / 800
```

२८ मीटर म्हणजे खालच्या खुणेपासून ३६० पिक्सल वर. तिथे दोन एचपीचा कर्व्ह साधारण ११८ लिटरवर लागतो. मग डीलरचे नव्वद कुठले? कोपरा शून्य धरून बघा, म्हणजे ८०० पिक्सलमध्ये ५० मीटर, मीटरला १६. २८ मीटर शोधायला ४४८ पिक्सल वर जायला लागतं, आणि ती जागा खरी तर ३२.४ मीटरची आहे. तिथे कर्व्ह बरोबर नव्वदच्या आसपास. कोणीतरी पट्टी लावून कोपऱ्यापासून मोजलं होतं, आणि त्याच्यावर मला तीन एचपी गळ्यात मारत होते!

इथून माझी एकच तक्रार आणि ती मी महिनोन् महिने धरून बसलोय. प्रत्येक अक्षाला दोनच बिंदू विचारतात. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, तुम्ही वाट्टेल ते चुकीचं भरा, कॅलिब्रेशन "झालं" म्हणूनच दिसतं, चूक उघडी पाडायला काही शिल्लकच राहत नाही. अक्षाला तिसरा बिंदू सक्तीने विचारायला हवा, मला तर वाटतं त्याशिवाय पुढे जाऊच देऊ नये.

पण मध्ये मत थोडं बदललं. कॅलिब्रेशननंतर कर्सर फिरवला की भिंगाखाली त्या जागेचं वाचन दिसतं. मग तिसरा बिंदू आपणच तपासायचा, क्लिक न केलेल्या खुणेवर कर्सर न्यायचा. माझ्याकडे मधली ३० ची खूण ६४६ ओळीवर होती, वाचन ३० आलं. कोपरा शून्य धरला असता तर तिथेच २५ दिसलं असतं आणि चूक लगेच पकडली असती. म्हणजे सोय आहे, फक्त कोणी सांगत नाही, आणि मला अजूनही वाटतं सांगायलाच हवं.

हीच तपासणी लॉग अक्षावर तर हवीच. भाचा मातीच्या चाळणीचा चार्ट घेऊन आला, आडवा अक्ष १, १०, १०० असा. Log Scale ची टिक नसेल तर टोकं बरोबर दिसतात पण मधल्या १० वर कर्सर नेला की ५०.५ येतात.

स्कॅन तिरका असेल तर आणखी एक. माझ्या पानावर शून्य लिटरपासून ३०० लिटरपर्यंत जाताना आडवा अक्ष २१ पिक्सल खाली उतरत होता, साधारण एक अंश. डोळ्याला कळत नाही, पण उजव्या टोकाला त्याचा एक मीटर हेड होतो. ११८ लिटरपाशी आठेक पिक्सल, म्हणजे ०.४ मीटर, माझ्या निर्णयाला फरक पडला नाही. तरी अक्ष चित्राला अगदी समांतर आहेत असं मानायची जी टिक असते ती स्कॅनला लावू नका, न लावली तर चार क्लिकवरूनच तिरकेपणा काढून टाकला जातो. त्यासाठी चारही क्लिक अक्षाच्या रेघेवरच पाहिजेत, आकड्याच्या अक्षरावर नाही.

आणि दशांश लिहू नका हो. रेघच सहा पिक्सल जाड, मध्य धरला तरी दोन्हीकडे तीन, म्हणजे ०.१५ मीटर. शिवाय कॅटलॉगचा कर्व्ह प्रत्येक नगाला तंतोतंत लागू नसतो, पंप तपासणीच्या ISO 9906 मानकाच्या 2B ग्रेडमध्ये डिस्चार्जला ±८% सूट आहे. त्यामुळे ११७.६ वगैरे फाईलमध्ये येतं ते मी "११०च्या वर, पण काठावर" असंच वाचलं. काठावर म्हणून पाईपचं फ्रिक्शन परत मोजलं, मे महिन्यातली विहिरीची पातळी धरून २४ मीटर चढ आणि साठेक मीटर दीड इंची पाईपचे चार. मग दोन एचपी घेतला. मे अखेरीस हजार लिटरची टाकी भरायला ८ मिनिटं ५० सेकंद लागली, म्हणजे ११३ लिटर. स्प्रिंकलर शेवटच्या ओळीपर्यंत नीट फिरतात, आणि तीन एचपीचा फरक खिशात राहिला.

जिथे हे चालत नाही तेही सांगतो. जाड पुस्तकाचं पान फोटो काढून दिलेलं असेल तर बांधणीपाशी कागद वाकतो, आणि चार बिंदूंनी फक्त तिरकेपणा निघतो, वाक निघत नाही. ओळखायची खूण तीच, दोन्ही टोकं बरोबर आणि मधली १५० ची खूण १४६ दाखवते. असं झालं तर मी अक्षाचे दोन तुकडे करून, मला हवा तो भाग शेजारच्या दोन खुणांवर वेगळा कॅलिब्रेट करतो, किंवा समोरच्याला सरळ सांगतो की पान सपाट ठेवून परत स्कॅन करून पाठव.