बीएलएस कार्ड घ्यायचं तर कुठलं?

बीएलएस म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण. त्याच्या कार्डासाठी ठाणे-नवी मुंबईत नोकरी बदलायला निघालेल्या नर्स-फिजिओंपुढे माझ्या मते दोनच पर्याय उरतात. एक अमेरिकन हार्ट असोसिएशनचा (एएचए) ‘बीएलएस प्रोव्हायडर’ आणि दुसरा इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनचा बीसीएलएस. घरबसल्या व्हिडिओ बघून मिळणारी प्रमाणपत्रं मी यात धरतच नाही.

भारतीय अभ्यासक्रम भूलतज्ज्ञांच्या पुढाकारातून उभा राहिला आणि आपल्याकडची परिस्थिती त्यात धरलेली आहे. नाव मात्र नीट वाचा. त्यांचाच सीओएलएस हा सामान्य नागरिकांसाठीचा, फक्त छाती दाबण्यापुरता. स्टाफ नर्सच्या फाइलला तो पुरत नाही. बीसीएलएसचा मूळ रोख रुग्णालयाबाहेर कोसळलेल्या माणसावर आहे. वॉर्डात काम करणाऱ्याला दोघांनी मिळून सीपीआर, अंबू बॅग आणि दोघं असताना तान्ह्या बाळाला १५ दाबांमागे २ श्वास, हे सगळं हातात बसलेलं हवं. त्याचा सराव मला एएचएच्या वर्गात जास्त मिळाला.

तिथल्या मोठ्यांच्या मॅनिकिनला फीडबॅक देणारं उपकरण सक्तीचं आहे. आम्हा फिजिओंना ५ ते ६ सेंटीमीटरची खोली जड जात नाही. पण मिनिटाला १०० ते १२० चा वेग धरताना तळहात छातीवर रेलूनच राहतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात रक्त नीट भरत नाही. नुसतं बघणाऱ्या प्रशिक्षकाच्या नजरेतून हे निसटू शकतं, पण उपकरण हेही मोजणारं असेल तर त्याच्या दिव्यातून नाही.

तरीही माझा कौल ठरला तो एका कटकटीने. एका छोट्या सेंटरचं माझं आधीचं प्रमाणपत्र छान जाड कागदावर होतं, शिक्क्यासकट. वाशीच्या एका हॉस्पिटलमध्ये जॉइनिंगला एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “सर, हे खरं आहे हे मी कुठे बघू?” सेंटरचा फोन कोणी उचलेना आणि माझी फाइल टेबलावर पडून राहिली. एएचएचं ई-कार्ड मात्र heart.org/cpr/mycards वर कोड टाकून कुणालाही तपासता येतं, मुदतीसकट. मुदत दोन वर्षांची.

माझी कळव्याची एक सहकारी परवा सेंटर शोधत होती, तिला सांगितलं की पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचार. कार्डावर ‘बीएलएस प्रोव्हायडर’च छापून येणार ना? कारण ‘हार्टसेव्हर’ हाही एएचएचाच, पण वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्यांसाठी. आणि ई-कार्ड कुठल्या ट्रेनिंग सेंटरच्या नावाने निघणार? एएचएचा अर्धा ऑनलाइन असलेला हार्टकोड घेतला, तर ऑनलाइन भाग संपल्यावर येणारं प्रमाणपत्र म्हणजे कार्ड नव्हे. प्रत्यक्ष कौशल्यचाचणी द्यावीच लागते.

सध्याचं हॉस्पिटल बीसीएलएस मान्य करत असेल, तर तेही बिनधास्त घ्या, फक्त एचआरकडून तसं ईमेलवर लिहून घ्या. एएचए घेतलंत, तर नोंदणीत स्वतःचाच ईमेल द्या. कार्डाची लिंक त्यावरच येते.