टू-एम रेड की डीएल-१०३?

टर्नटेबलला सुईची कोणती कार्ट्रिज लावावी, ऑर्टोफोन टू-एम रेड की डेनॉन डीएल-१०३, असा पेच धाकट्या मित्राला पडलाय.

रेडला सुईवर 1.8 ग्रॅम भार लागतो, डेनॉनला 2.5. कार्ट्रिज धरणारा आर्म आधी तरंगता ठेवून भार द्यावा आणि छोट्या काट्यावर मोजावा. आर्मवरच्या आकड्यांवर फार विसंबू नये. आर्मची आतली ओढ तोलणारं अँटी-स्केट भाराइतकंच ठेवून सुरुवात करावी. मोठ्या आवाजात उजवीकडच्याच स्पीकरचा आवाज फाटला, तर थोडं वाढवावं.

खरा फरक कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपमध्ये आहे. रेड 5.5 मिलिव्होल्ट देते, तिला साधा एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा, फोनो प्रीअँप पुरतो. डेनॉन जेमतेम 0.3 देते, तिला साधारण 60 डेसिबल वाढ देणारा एमसी, म्हणजे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा, फोनो हवा, नाहीतर आवाज दबका आणि खरखर पुढे. शिवाय तिला जड आर्म लागतो.

रेडची सुई घरीच बदलता येते, डेनॉनची नाही. पहिल्याच टर्नटेबलला रेड. जड आर्म आणि एमसी फोनो घरात असेल तरच डेनॉन.