रीड स्विचचा दिवा लागतो म्हणून फीडबॅक आहे असं समजू नका

आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये प्रेसमधून निघालेला पार्ट उचलून फिक्श्चरवर ठेवायला पिक अँड प्लेस मशीन बनवून घेतलं. खाली-वर जाणारा झेड सिलिंडर, आडवा एक्स सिलिंडर आणि ग्रिपर, एवढंच. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही टोकांना, पिस्टन तिथे पोहोचला हे त्याच्या चुंबकावरून ओळखणारे रीड स्विच असतील आणि स्ट्रोक वेळेत पूर्ण झाला नाही तर मशीन थांबून त्या सिलिंडरच्या नावाने अलार्म देईल. याचे पैसे वेगळे लावले होते.

ट्रायलच्या दिवशी सगळं दाखवलं गेलं. सिलिंडर टोकाला पोहोचला की स्विचचा लाल दिवा लागायचा, पीएलसीवरचा इनपुटचा दिवाही लागायचा. मुख्य हवा बंद केली तर अलार्म येऊन मशीन थांबलं. तो अलार्म एअर लाइनवरच्या प्रेशर स्विचचा होता. त्याचा रीड स्विचशी काहीही संबंध नव्हता, पण हे त्या वेळी कोणी सांगितलं नाही.

पुढे झेडचा पीयू पाइप ड्रॅग चेनमध्ये चेपला. मुख्य लाइनवर साडेपाच बार होते, त्यामुळे प्रेशर स्विच गप्प. झेड मात्र संथ झाला. तो अर्धाच वर आलेला असताना एक्स सुटला आणि ग्रिपरची बोटं फिक्श्चरच्या पिनवर आदळून वाकली. मशीन बनवणाऱ्याला फोन केला, तर "तुमची हवा कमी पडली" हे उत्तर.

मग आमच्या मेंटेनन्सवाल्याने झेडच्या वरच्या रीड स्विचचा कनेक्टरच काढला आणि सायकल चालू केली. मशीन थांबायला हवं होतं. ते तसंच, त्याच वेगात चालत राहिलं. फसवणूक तिथे उघडी पडली. वायरी इनपुटपर्यंत खऱ्या होत्या, पण प्रोग्रॅम त्यांच्याकडे बघतच नव्हता. प्रोग्रॅमला पासवर्ड होता. शेवटचा हप्ता अडवल्यावर फाइल मिळाली, तेव्हा झेड वर घेण्याची स्टेप अशी निघाली:

```
STL S21
OUT Y1
OUT T1 K8
LD  T1
SET S22
```

व्हॉल्व्ह चालू करायचा, 0.8 सेकंद थांबायचं आणि पुढे जायचं. सिलिंडर पोहोचला की नाही हे विचारलेलंच नाही. एचएमआयवर अलार्मची यादी नीट टाइप केलेली होती, पण त्या अलार्मचे बिट चालू करणारी एकही ओळ प्रोग्रॅममध्ये नव्हती. वरून ट्रायलच्या वेळी फ्लो कंट्रोल आणि टायमर जुळवून ठेवलेले, म्हणून सगळं सुरळीत दिसलं. दुसऱ्या माणसाकडून ती स्टेप अशी करून घेतली:

```
STL S21
OUT Y1
OUT T1 K20
LD  X3
ANI X2
ANI M101
SET S22
LD  T1
SET M101
```

X3 म्हणजे वरचा स्विच, X2 खालचा. पुढची स्टेप स्विच बघूनच लागते, टायमर फक्त पहाऱ्याला. झेडला नेहमी साधारण 0.6 सेकंद लागतात, म्हणून टाइमआऊट 2 सेकंदांचा ठेवला. तो स्ट्रोकच्या अगदी जवळ ठेवला तर सकाळी थंड मशीनवर उगाच अलार्म येतात आणि मग कोणीतरी वैतागून तो बायपास करतो. M101 हा अलार्मचा बिट आला की सायकल तिथेच अडते आणि स्क्रीनवर `Z UP TIMEOUT` येतं.

विरुद्ध टोकाचा स्विच बंद आहे का, हे विचारणंही तितकंच गरजेचं आहे. रीड स्विचचे कॉन्टॅक्ट कधीकधी चिकटतात आणि सिलिंडर कुठेही असला तरी इनपुट चालूच राहतो. वरचा स्विच असा चिकटला, तर वर जाण्याच्या स्टेपला झेड खालून हलला की तो पोहोचला असं वाटेल. म्हणून त्याच्या आधीच्या, खाली येण्याच्या स्टेपमध्ये X2 चालू आणि X3 बंद अशी अट हवी. मग चिकटलेला स्विच तिथेच, ग्रिपर खाली असताना, टाइमआऊटमध्ये पकडला जातो.

मशीन ताब्यात घेताना पार्ट न लावता, मंद वेगात, प्रत्येक रीड स्विचचा कनेक्टर एकेक करून काढायला लावा. प्रत्येक वेळी त्याच सिलिंडरच्या नावाने अलार्म आला पाहिजे. नंतर चिकटलेला स्विच तपासायला एका टोकाच्या पट्ट्यातला स्विच सरकवून पिस्टनच्या चुंबकासमोर, दुसऱ्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही इनपुट एकदम चालू होतील. तेव्हाही मशीन थांबलं पाहिजे. मुख्य हवा बंद करून दाखवली तर ती परीक्षा धरू नका. हवा तोडायचीच असेल तर एकाच सिलिंडरचा फ्लो कंट्रोल आवळायला सांगा. बिनपासवर्डची प्रोग्रॅम फाइल ऑर्डरमध्येच लिहून घ्या आणि ती हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नका.

आमच्याकडे नवा प्रोग्रॅम टाकल्यावर `Z UP TIMEOUT` खरंच आला. तोच पाइप पुन्हा चेपत होता. या वेळी ग्रिपर वाकला नाही, फक्त पाइप बदलावा लागला.