बाटली तीच, लेबल तेच: लोरा शिकवावा की एका फोटोवर भागवावं?

आपल्याच मालाची चित्रं एआय मॉडेलकडून करून घ्यायची ठरली की बहुतेकांसमोर दोन वाटा येतात. पहिल्या वाटेत बाटलीचा एक चांगला फोटो संपादन करणाऱ्या मॉडेलला द्यायचा आणि हवी ती पार्श्वभूमी मागायची. फ्लक्स कॉन्टेक्स्ट आणि क्वेन-इमेज-एडिट ही त्यातली माझ्या वापरातली नावं. दुसऱ्या वाटेत बाटलीच्या पंचवीस-तीस फोटोंवर स्वतःचा छोटा लोरा, म्हणजे मूळ मॉडेलला जोडायची आपल्या मालापुरती पुरवणी, शिकवायचा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी घराचा ब्राह्मी-आवळा तेलाचा व्यवसाय आहे. त्यांच्या नवरात्र आणि दिवाळीच्या चित्रांसाठी मी दोन्ही वाटा वापरल्या. तुमचा माल, तुमची बाटली वेगळी असेल, त्यामुळे माझा कौल जसाच्या तसा उचलू नका. पण ज्या एका कटकटीमुळे माझा निर्णय झाला, ती बहुतेकांच्या वाट्याला येईल असं वाटतं.

ती कटकट लेबलाची. लेबलावर तेलाचं नाव गुजराती लिपीत मोठ्या अक्षरांत आहे, खाली घटक, वजन आणि किंमत बारीक अक्षरांत. संपादन मॉडेलने पहिलंच चित्र इतकं देखणं दिलं की काम झालं असं वाटावं. त्या घरच्या काकूंनी मात्र ते फोनवर मोठं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, हे आपलं नाव नाही. आणि बाटलीसुद्धा आपली वाटत नाही, खांदे बघ तिचे." गुजराती अक्षरांवर मॉडेलने मध्येच शिरोरेघ ओढली होती आणि काना-मात्रा भलतीकडेच होत्या. क्वेन चिनी आणि इंग्रजी मजकूर चांगला काढतं, पण गुजरातीच्या बाबतीत मला तो भरवसा मिळाला नाही.

इथे बरेच जण म्हणतात की मग लोरा शिकवा, लेबल पाठ होईल. मोठी अक्षरं बऱ्यापैकी पाठ होतातही. बारीक मजकूर मात्र होत नाही, आणि त्याचं कारण शिकवण्याच्या पद्धतीत नाही. ही मॉडेलं चित्रावर थेट काम करत नाहीत, त्याची आक्रसलेली प्रत हाताळतात. १०२४ पिक्सेल रुंद-उंच चित्र आत १२८ बाय १२८ घरांचं होतं, म्हणजे प्रत्येक घरात मूळचे ८ बाय ८ पिक्सेल. आता आमची १६ सेंटिमीटर उंचीची बाटली चित्रात ६०० पिक्सेल उंच दिसते असं धरा. लेबलावरचं २ मिलिमीटरचं अक्षर साडेसात पिक्सेलचं होतं, म्हणजे पुरतं एक घरही नाही. एवढ्यात वेलांटी कुठली आणि उकार कुठला हे कसं टिकणार? तीस फोटोंऐवजी तीनशे दिले तरी त्या घराचा आकार बदलत नाही. फ्लक्समध्ये प्रत्येक घरात जास्त माहिती मावते, म्हणून त्याची अक्षरं एसडीएक्सएल या जुन्या मॉडेलपेक्षा बरी दिसतात. पण वजन आणि किंमत जिथे छापलेली असते त्या ओळीवर मी कुठल्याच मॉडेलला मोकळं सोडणार नाही. त्या ओळीतला चुकलेला आकडा ग्राहक खरा मानतो.

म्हणजे कुठल्याही वाटेने गेलात तरी लेबल शेवटी वरून बसवावंच लागतं. एकदा हे मान्य केलं की तुलनेचा प्रश्न बदलतो: कुठल्या वाटेवर लेबल बसवणं सोपं जातं?

संपादन मॉडेलच्या वाटेवर बाटलीचा आकार दर चित्रात थोडा सरकत होता. एका चित्रात मान बारीक, दुसऱ्यात खांदे उतरते, तिसऱ्यात बूड किंचित रुंद. एकेकटं चित्र पाहिलं तर कुणाला खटकणार नाही. पण विक्रीच्या पानावर चार चित्रं शेजारीशेजारी लागली की चार वेगळ्या बाटल्या वाटतात. त्याहून त्रासाचं म्हणजे प्रत्येक चित्रात लेबलाची गोलाई नव्याने जुळवायची, कडा नव्याने कापायच्या आणि मॉडेलने काढलेली चुकीची अक्षरं आधी पुसून घ्यायची. बाटली जरा वळवून मागितली की न दिसलेली बाजू मॉडेल मनाने रचतं, कारण त्याने एकच फोटो पाहिलेला असतो. चित्र करायला काही क्षण, आणि दुरुस्तीत अख्खी दुपार. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला.

लोराच्या वाटेवर मी लेबल शिकवलंच नाही. ज्या कागदावर लेबल छापतात त्याच कागदाचे, त्याच मापाचे कोरे तुकडे कापून घेतले आणि बाटल्यांवर अगदी लेबलाच्या जागी चिकटवून फोटो काढले. मॉडेल शिकतं ते एवढंच की या बाटलीवर या उंचीवर पांढरा कागद असतो आणि उजेड त्यावर असा उतरतो. मग छापखान्याकडून लेबलाची मूळ कोरल फाइल मागवायची, त्यातून मोठ्या मापाचं चित्र काढायचं आणि फोटोशॉपमध्ये ते कोऱ्या कागदावर 'मल्टिप्लाय'ने ठेवायचं. कागदावरची सावली आणि कडेचा अंधार छपाईतून तसाच खाली दिसतो, त्यामुळे लेबल चिकटवल्यासारखं वाटत नाही. अक्षरं तर छापखान्याचीच असतात.

यातून एक फायदा आपोआप होतो. एसडीएक्सएलचं अक्षरांचं कच्चेपण आता आड येत नाही, म्हणून मी तेच मूळ मॉडेल घेतलं. त्याचा लोरा १६ जीबीच्या जीपीयूवर आरामात शिकवता येतो आणि त्याचा परवाना व्यापारी कामाला चालतो. फ्लक्सची 'डेव्ह' आवृत्ती अव्यापारी परवान्याखाली येते. तिच्यात काच अधिक सुंदर उतरते हे मात्र खरं. तिच्याकडे जायचं असेल तर आधी तो परवाना नीट वाचून घ्या.

आकार तंतोतंत येणं बरंचसं फोटोंवर ठरतं. फोन बाटलीच्या जवळ नेऊन काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो, लांबून झूम करून काढलेल्यात बाटली सरळ दिसते. दोन्ही प्रकार मिसळले तर मॉडेल त्यांच्या मधलीच कुठली तरी बाटली शिकतं. म्हणून सगळे फोटो एकाच लेन्सने, दीड-दोन मीटरवरून काढावेत. बाटली दर वेळी थोडी फिरवावी, कॅमेरा तीन ठरलेल्या उंचींवर ठेवावा, आणि पार्श्वभूमी व उजेड मुद्दाम बदलत राहावं: ओटा, खिडकी, लाकडी पाट, रंगीत कापड. सगळे फोटो पांढऱ्या कागदावर काढले तर पांढरा कागदही बाटलीचाच भाग आहे असं मॉडेल धरून बसतं. काचेच्या बाटलीला हे विशेष लागू पडतं, कारण तेलातून मागचं दिसतं आणि तो रंग दर फोटोत बदलायला हवा.

शिकवताना प्रत्येक फोटोसोबत वर्णनाची एक ओळ द्यावी लागते. तिच्यात बदलणाऱ्या गोष्टी लिहायच्या, न बदलणाऱ्या लिहायच्या नाहीत. उदाहरणार्थ:

```
brmtl bottle on a wooden table, soft window light from left, eye level
```

बाटली हिरवट आहे, झाकण काळं आहे, कागद पांढरा आहे हे लिहिलं नाही की ते सगळं `brmtl` या निरर्थक शब्दाला चिकटतं. शिकवताना मी रँक १६, लर्निंग रेट ०.०००१ आणि दीड ते दोन हजार पायऱ्या ठेवतो आणि दर काही शे पायऱ्यांनी लोराची एक प्रत जपून ठेवतो. कोऱ्याऐवजी छापील लेबलच शिकवायचं ठरवलंत तर फोटो उलटवून शिकवणारं `flip_aug` बंद आहे ना ते पाहा, नाहीतर मॉडेल आरशातली अक्षरंही शिकेल.

शेवटची प्रतच सर्वांत चांगली असेल असं नाही. कमी शिकलेल्या प्रतीत झाकण कुठल्याही बाटलीचं असावं तसं येतं आणि खांदे ढिले पडतात. जास्त शिकलेल्या प्रतीत तुम्ही रात्रीचा उजेड मागितला तरी काचेवर मूळ फोटोतली खिडकी चमकत राहते. मी समोरून काढलेल्या खऱ्या फोटोतल्या बाटलीची कडा वेगळ्या लेयरवर रेखून ठेवली आहे. प्रत्येक प्रतीचं समोरून दिसणारं चित्र त्याखाली धरायचं. जिची कडा रेषेशी जुळते आणि काचेत जुनी खिडकी नाही, ती प्रत ठेवायची.

चित्र करताना तीन ठरलेल्या उंचींपैकीच एक घ्यायची आणि त्या उंचीच्या खऱ्या फोटोवरून केलेला डेप्थ नकाशा, म्हणजे कुठला भाग किती जवळ-लांब ते दाखवणारं चित्र, कंट्रोलनेट या चित्राची मांडणी बांधून ठेवणाऱ्या जोडणीला द्यायचा. बाटली चौकटीत त्याच जागी, त्याच मापात येते. नुसत्या कंट्रोलनेटने बाह्यरेषा सांभाळली जाते, पण काचेची जाडी, तेलाचा रंग आणि झाकणाचा पोत लोराकडूनच येतो. दोन्ही जोडले की लेबलाच्या गोलाईचे तीनच साचे पुरतात. साचा उघडा, लेबल टाका, कडा एकदा तपासा, झालं. काकूंनी नंतर त्याच बाटलीत जास्वंदीचं तेल काढलं, तेव्हा नवं काही शिकवावं लागलं नाही, फक्त लेबलाची फाइल बदलली.

तरी संपादन मॉडेलची वाट मी सरसकट मोडीत काढणार नाही. एकाच सणासाठी एक-दोन चित्रं हवी असतील, बाटली समोरूनच दिसणार असेल आणि लेबलावर दोन मोठे शब्द असतील, तर लोराचा खटाटोप कदाचित जास्त होईल. हातात धरलेली बाटलीही मी अजून त्याच वाटेने करतो. बोटं लेबलावर आली की माझे साचे निरुपयोगी ठरतात आणि बोटांभोवती हातानेच कापावं लागतं, मग लोराचा फायदा उरत नाही. पण वर्षभर त्याच बाटलीची चित्रं लागणार असतील आणि ती एकमेकांशेजारी दिसणार असतील, तर माझा कल लोराकडेच आहे.

फोटो काढायला बसण्याआधी एक गोष्ट मात्र करा. बाटली पुरवणाऱ्याला फोन करून विचारा की साचा बदलायचा बेत आहे का. नव्या साच्यात खांदा दोन मिलिमीटरने जरी उतरला, तरी फोटो आणि लोरा दोन्ही नव्याने करावे लागतात.