जुने दर बंद होण्याची तारीख बदलली, असा निरोप आमच्या नावाने गेला आणि चार दुकानदार फसले

कुपवाड एमआयडीसीत आमचं वह्या बनवायचं लहान युनिट आहे. मशीन आणि कागदाची खरेदी मिस्टर बघतात. बिलं, उधारी आणि दरपत्रक माझ्याकडे. जत, आटपाडी, विटा, सांगोला, पंढरपूर या भागातले ६३ दुकानदार आमच्याकडून वह्या उचलतात. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये माल दुकानात पोचलेला लागतो आणि बुकिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं. नवे दर एक एप्रिलपासून लागू होतात आणि मार्चच्या सुरुवातीला मी सगळ्यांना पत्रक पाठवते.

मार्च २०२५ मध्ये याच पत्रकाच्या आडून आमच्या चार गिऱ्हाइकांचे १,५९,१२० रुपये गेले. चोर बाहेरचा होता, पण त्याला वाट माझ्या पत्रकाने करून दिली. हंगामाचे दर कळवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून सगळं लिहिते आहे.

त्या वर्षी कागद महागला होता. पानं कमी करून दर तोच ठेवायचा, हा मार्ग आमच्या धंद्यात बरेच जण घेतात. आम्हाला तो पटत नाही. १७२ पानी वही १७२ पानांचीच राहिली पाहिजे, कारण मुलाची वही दिवाळीआधी संपली तर शिव्या दुकानदार खातो. म्हणून १७२ पानी मोठ्या वहीचा डझनाचा दर ३१२ वरून ३३६ रुपये केला. ८ मार्चला पीडीएफ तयार करून दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वर आमचा लोगो, मग दरांचा तक्ता, खाली बँकेचा खाते क्रमांक. सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘जुने दर ३१ मार्चपर्यंत. नंतर नवीन दर लागू.’

घोटाळा त्या ओळीत होता. ३१ मार्चपर्यंत काय व्हायला हवं? ऑर्डर द्यायची, पैसे भरायचे, की माल उचलायचा? मी लिहिलंच नव्हतं. दोन दिवसांत फोन सुरू झाले. “वहिनी, ऑर्डर आत्ता देतो, माल मेमध्ये नेतो, चालेल ना?” एकाला मी हो म्हटलं. दुसऱ्याला म्हटलं, निम्मे पैसे भरले तर चालेल. तिसऱ्याला म्हटलं, मिस्टरांना विचारून सांगते. दुकानदार एकमेकांशी बोलतात. माझी तीन वेगवेगळी उत्तरं त्यांच्यात फिरली आणि वहिनींकडून खुलासा येईल, असं सगळेच धरून बसले.

२८ मार्चला, शुक्रवारी, तो ‘खुलासा’ आला. मी पाठवलेला नव्हता.

नंबर अनोळखी होता, पण फोटोच्या जागी आमचा लोगो आणि सोबत आमचीच पीडीएफ. तक्ता जसाच्या तसा. बदलल्या होत्या फक्त दोन गोष्टी. खाते क्रमांक नवा होता, वर लिहिलं होतं की जुन्या खात्याचं ऑडिट चालू असल्याने पैसे या खात्यात भरावेत. आणि शेवटची ओळ अशी होती: ‘३० ला रविवार व पाडवा, ३१ ला ईद, १ एप्रिलला बँकेचं वार्षिक क्लोजिंग. त्यामुळे जुन्या दराचं बुकिंग आज संध्याकाळपर्यंत ५० टक्के ॲडव्हान्स भरणाऱ्यांनाच मिळेल.’

ती ओळ मी स्वतः पुन्हा पुन्हा वाचली आहे. तिच्यातला प्रत्येक दिवस खरा होता. खरंच तसे दिवस ओळीने आले होते. ऑर्डर की पैसे, या प्रश्नाचं उत्तरही तिच्यात सरळ होतं. माझ्या पत्रकापेक्षा ते खोटं पत्रक जास्त स्पष्ट होतं, हे मला आजही बोचतं.

जतच्या दुकानदारांचं उदाहरण सांगते. त्यांची ऑर्डर ४०० डझनांची. जुन्या दराने १,२४,८०० रुपये, नव्याने १,३४,४००. म्हणजे ९,६०० रुपये वाचणार होते. एवढ्यासाठी त्यांनी दुपारी निम्मे, म्हणजे ६२,४०० रुपये एनईएफटीने भरले. खातेदाराच्या नावाच्या रकान्यात आमच्या फर्मचं नाव टाकलं आणि पैसे बिनबोभाट गेले. एनईएफटीमध्ये पैसे खाते क्रमांकावर जातात. नाव जुळतं का, हे बँक बघत नाही. आपण नाव बरोबर लिहिलं म्हणजे पैसे त्याच नावाला गेले, असा पुष्कळांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं होतं की एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी समोरच्या खातेदाराचं खरं नाव दिसेल अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या. आमचे पैसे गेले २८ मार्चला. आता ती सोय आहे, फुकट आहे, आणि नवं खातं जोडताना ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पकडलं सांगोल्याच्या दुकानदारांनी. त्यांनी १२० डझनांचे निम्मे, १८,७२० रुपये यूपीआयने पाठवले. यूपीआयवर नाव दिसतं. घाईत त्यांनी पाहिलं नाही, पण रात्री जेवताना मुलाने पावती बघितली आणि विचारलं, “बाबा, हे कोण?” फर्मच्या नावाऐवजी कुणा माणसाचं नाव होतं. रात्री साडेनऊला त्यांचा मला फोन आला, “वहिनी, पैसे पोचले का?” मी विचारलं, कसले पैसे? त्यानंतर दोन्हीकडे जी शांतता झाली, ती मी विसरणार नाही.

मी त्यांना आधी १९३० लावायला सांगितलं. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच तक्रार करायची असते. माझ्या फोनने काही झालं नसतं. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवायची. त्यांची तक्रार तासाभरात नोंदली गेली आणि त्यांचे १८,७२० रुपये पुढच्या खात्यात अडवले गेले. मिळायला पुढे अर्ज-विनंत्या आणि काही महिने गेले, पण मिळाले.

मग मी आणि मिस्टरांनी वही घेऊन ६३ जणांना एकेक फोन केला. बारा वाजेपर्यंत कळलं की आणखी तिघांनी भरले होते: जतचे ६२,४००, विट्याचे ४६,८००, पंढरपूरचे ३१,२००. त्यांनी दुपारी भरले होते आणि तक्रार नोंदवेपर्यंत मध्यरात्र झाली. तोवर पैसे दोन-तीन खाती फिरून काढले गेले होते. त्या तिघांना आजवर एक रुपया परत मिळालेला नाही.

चोराला आमचे नंबर मिळाले कुठून? ग्रुपमधूनच. दोन वर्षांपूर्वी मी ग्रुपची लिंक काढली आणि एका दुकानदारांना ‘ओळखीच्यांना द्या’ म्हणून पाठवली. कोण आत आलं, हे पुन्हा कधी तपासलं नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. पीडीएफही तिथेच, खाते क्रमांकासकट.

यंदाच्या, २०२६ च्या हंगामाला मी पत्रक नव्याने लिहिलं. मजकूर जसाच्या तसा देते:

‘दरपत्रक क्र. १/२०२६. नवीन दर १ एप्रिल २०२६ पासून. जुना दर त्याच ऑर्डरला मिळेल, जी ३१ मार्चला सायंकाळी ५ पर्यंत आमच्या नेहमीच्या नंबरवर लिहून आली आणि जिचा माल ३० एप्रिलपर्यंत उचलला गेला. मर्यादा: गेल्या हंगामात आपण नेला तेवढाच माल. जुन्या दरासाठी ॲडव्हान्स लागत नाही. वह्यांवर जीएसटी नाही. या पत्रकातली तारीख बदलणार नाही. बदलली असं कुणी कळवलं तर ते पत्रक आमचं नाही. आमचं बँक खाते जुन्या बिलावर आहे तेच.’

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ॲडव्हान्स नसल्याची आहे. तारीख आणि पैसे एकत्र आले की माणूस घाईत पैसे भरतो. ते वेगळे केले तर चोराला मागायला काही उरत नाही. याचा तोटाही आहे. पैसे भरायचे नसले की लोक वाटेल तेवढी ऑर्डर लिहून ठेवतात आणि आमचा कागद अडकतो. म्हणून गेल्या हंगामाची मर्यादा आणि माल उचलायची तारीख घातली. मिस्टरांचा याला विरोध होता. हंगामाच्या तोंडावर हातात रोकड नसेल तर कागदवाल्याला काय देणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. यंदा आम्ही त्यासाठी बँकेकडून कर्जाची मर्यादा वाढवून घेतली आणि त्याचं व्याज आम्हाला पडलं.

पत्रकावर खाते क्रमांक आता छापत नाही. ग्रुप बंद केला आणि ब्रॉडकास्ट यादी केली. तिच्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. मात्र ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही आणि त्याला ते कळतही नाही. ८ मार्चला पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी मी कोणाला पोचलं ते बघत बसले. अकरा जणांच्या नावापुढे एकच खूण होती. त्यांना फोन केले, आणि मालाच्या गठ्ठ्यांत तेच पत्रक कागदावर छापूनही घातलं होतं. खेड्यातल्या दोन दुकानदारांना तो कागदच आधी मिळाला.

त्या चौघांना २०२५ चा माल आम्ही जुन्या दराने, ॲडव्हान्स न घेता दिला. गेलेली पूर्ण रक्कम भरून देण्याची आमची ऐपत नव्हती आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. विट्याच्या दुकानदारांनी त्यानंतर आमच्याकडून माल घेतला नाही. जतचे अजून घेतात. यंदा पत्रक मिळाल्यावर त्यांनी फोन करून आधी पत्रकाचा क्रमांक विचारला, मी एक दोन हजार सव्वीस म्हटलं, त्यांनी तो कागदावरून ताडून पाहिला आणि मग ३८० डझन लिहून घ्यायला सांगितलं.