जुना फोन विकताना: "एकदम चकाचक" दोन ओळी की सगळं खरं खरं?

आत्तापर्यंत दोन फोन विकले, दोन्ही वेगळ्या पद्धतीने. पहिल्या वेळी, एका अँड्रॉइड फोनसाठी, सगळे टाकतात तसंच टाकलं: "मिंट कंडिशन, बॅटरी बेस्ट, फुल किट, फक्त सिरीयस लोकांनी यावं". दुसऱ्या वेळी आयफोन 13 होता, तेव्हा ओरखड्यांसकट सगळं लिहिलं.

मेसेजच्या बाबतीत दोन ओळीवाली जाहिरात सरळ जिंकते. पहिल्याच संध्याकाळी धडाधड "लास्ट प्राइस?" सुरू. सविस्तर लिहिलं त्या वेळी आठवडाभरात मोजून चार जण बोलले, दोन दिवस तर वाटलं की ओरखडे लिहून चूकच केली.

पण माझं डोकं फिरवलं ते भेटल्यावर होणाऱ्या घासाघीसीने. अँड्रॉइडचे 9,000 फोनवर पक्के झाले, मी ऑफिसातून हाफ डे काढून गाडीवर तासभर गेलो, स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर भेटलो आणि त्या भाऊंनी पहिलं काय केलं तर टेम्पर्ड ग्लास उचकटून काढली. खाली मधोमध एक बारीक चर, नख फिरवलं की अडकतोय. खरं सांगतो, तो मलाच माहीत नव्हता, कारण ग्लास लावल्यापासून मी ती कधी काढलीच नव्हती. मग चार्जर बघितला, तो घरातल्या दुसऱ्याच फोनचा, साधा 10 वॉटचा, म्हणजे फुल किटही खोटं. दोन्हीचे मिळून 1,500 कापले आणि मी गप दिले, परत कोण जाणार एवढ्या लांब. पैशापेक्षा तिथे उभं राहून खोटारडं ठरलो ते जास्त लागलं.

म्हणून आयफोनच्या वेळी आधी ग्लास काढली, स्क्रीन बंद केली आणि खिडकीशी तिरपा धरून बघितला. स्क्रीन चालू असली की ओरखडे लपतात, त्यामुळे फोटोही बंद स्क्रीनचेच टाकले. लिहिलं ते साधारण असं:

"स्क्रीनवर तीन बारीक रेषा, उजेडात तिरपा धरल्यावरच दिसतात, नख अडकत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात फ्रेमला तांदळाच्या दाण्याएवढा पोचा, एकदा जिन्यात पडला होता. कॅमेऱ्याची काच स्वच्छ. बॅटरी हेल्थ 83 टक्के, ओरिजिनल, बदललेली नाही. सकाळी 7 ला फुल चार्ज, संध्याकाळी 6 पर्यंत 20 च्या आसपास. सोबत बॉक्स, बिल, ओरिजिनल केबल, एक वापरलेलं कव्हर. चार्जर नाही."

चार्जर नाही हे मुद्दाम लिहिलं, कारण आयफोन 12 आल्यापासून बॉक्समध्ये अॅडॉप्टर येतच नाही, फक्त केबल येते. तेरावर कुणी "बॉक्समधला ओरिजिनल चार्जर" लिहिलं असेल तर मला तरी तिथेच शंका येते.

83 आकडा बघून लोक बिचकतात हे मान्य. पण तेरासाठी अॅपलचाच हिशोब 500 फुल चार्ज सायकलनंतर 80 टक्के असा आहे, त्यामुळे तीन वर्षं वापरलेल्या फोनला 83 म्हणजे फोन नीट वापरलाय. उलट एवढ्या जुन्या फोनला 100 दिसले तर बॅटरी बदललीय का हे विचारायला हवं. `Settings > General > About` मध्ये Parts and Service History असा भाग दिसला तर काहीतरी बदललंय, आणि तिथे Unknown Part आलं तर पार्ट ओरिजिनल असल्याची खात्री नाही. अर्थात मार्केटमध्ये बॅटरीचा आकडा मशीनवर बदलून देणारेही आहेत, म्हणून मी टक्क्यांबरोबर दिवसभर किती चालतो तेही लिहिलं. बॅटरी हेल्थचा स्क्रीनशॉट मात्र ताजा हवा, महिनाभर जाहिरात पडून राहिली आणि समोर 82 दिसले की परत तीच कटकट.

आता सगळ्यांनी असंच करावं असं नाही म्हणत. फोन पाच-सहा हजाराचा असेल किंवा दुकानदारालाच द्यायचा असेल तर एवढं लिहिण्यात काही पॉइंट नाही, तो स्वतः तपासून त्याचा भाव लावणारच. पंधरा-वीस हजाराच्या वर आणि अनोळखी माणसाला विकायचा असेल तर मात्र, माझ्यापुरतं बोलायचं तर, मी परत दोन ओळींवर जाणार नाही. फक्त बॉक्सचा फोटो टाकताना IMEI नंबर बोटाने झाका.

तेराला मी 29,000 लावले होते, चॅटवरच पोच्याचं बोलून 27,500 ला ठरलं. घ्यायला आलेल्या मुलाने आधी कोपरा बघितला, "हाच ना तो?" म्हणाला, `*#06#` लावून नंबर बॉक्सशी जुळवला, यूपीआय केलं. दहा मिनिटंही लागली नसतील. निघताना एकच विचारलं, "दादा, ते कव्हर?" ते मी घरीच विसरलो होतो, दुसऱ्या दिवशी कुरिअर केलं.